गोळी फुटली, पण विरघळली का?

पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची ती बॅच दिसायला अगदी देखणी होती. पांढरीशुभ्र, कडा धारदार, मधली रेघ सुबक. हार्डनेस साडेपाच किलो, म्हणजे ठरवून दिलेल्या चार ते सातच्या बरोबर मध्ये. ड्रममध्ये फिरवल्यावर वजनात घट ०.६ टक्का, मुभा १ टक्क्याची. पाण्यात फुटायला लागणारा वेळ ९ मिनिटं, मुभा १५ मिनिटांची. मी तेव्हा क्वालिटी कंट्रोलमध्ये नवखा होतो. हे तिन्ही आकडे पाहून मी मनातल्या मनात बॅच पास करून टाकली होती. संध्याकाळी डिझोल्यूशनचे निकाल आले. अर्ध्या तासात ८० टक्क्यांच्या वर औषध विरघळायला हवं होतं, आणि सहा गोळ्यांची सरासरी होती ६९.

फार्मसीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं या चाचण्या प्रॅक्टिकलच्या वहीत ओळीने लिहितात. व्याख्या, उपकरण, मर्यादा, निष्कर्ष. एकेक चाचणी त्यांना उत्तम येते. अडतं ते एकाच प्रश्नावर: गोळी वेळेत फुटते, तर ती विरघळणारच, मग विरघळण्याची वेगळी परीक्षा कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला त्या बॅचने दिलं, म्हणून तिचीच गोष्ट सांगतो.

सुरुवात हार्डनेसपासून करू, कारण मशीनमधून गोळी बाहेर पडल्यावर पहिली परीक्षा हीच. कॉलेजात बहुधा मोन्सॅन्टो टेस्टर असतो. हातात मावणारी एक नळी, तिच्यात स्प्रिंग, एका टोकाला फिरवायचा स्क्रू. गोळी दोन दांड्यांच्या मध्ये आडवी धरायची, काटा शून्यावर आणायचा आणि स्क्रू हळूहळू पिळत जायचं. बोटांना स्प्रिंगचा ताण वाढत गेलेला जाणवतो, आणि मग एकदम ‘टक्’. गोळी व्यासावर दुभंगते आणि काटा जिथे असेल तो आकडा वाचायचा. चांगल्या गोळीचे साधारण सारखे दोन तुकडे होतात. टोपी निघावी तसा वरचा पापुद्रा सुटला, तर ती कॅपिंगची खूण. अशा वेळी आकडा बरोबर आला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक वहीत चुकते. हार्डनेसचं एकक मुलं ‘किलो प्रति चौरस सेंटीमीटर’ असं लिहितात. तो दाब झाला. टेस्टर मोजतो ते बल, म्हणजे किलोग्रॅम-बल किंवा न्यूटन. एक किलोग्रॅम-बल म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. गोळी मोठी आणि जाड असेल तर ती मोडायला बलही जास्त लागतं. म्हणून छोट्या गोळीचे चार किलो आणि मोठ्या गोळीचे चार किलो ही एकाच कडकपणाची खूण नव्हे.

हार्डनेसला औषधकोशात सरसकट मर्यादा दिलेली नाही. कंपनी आपल्या गोळीपुरती ती ठरवते. गोळीने प्रवास सोसायला हवा, एवढीच तिची मुख्य अपेक्षा, आणि ती सोसते की नाही हे खरं सांगते फ्रायबिलिटीची चाचणी. गोळ्यांची धूळ झटकायची, वजन करायचं, प्लॅस्टिकच्या गोल ड्रममध्ये टाकायच्या. आत एक वळलेला पंखा असतो. तो दर फेरीला गोळ्या उचलतो आणि साधारण १५ सेंटीमीटर उंचीवरून खाली टाकतो. मिनिटाला २५ फेऱ्या, चार मिनिटं, म्हणजे शंभर वेळा पडझड. आमच्या गोळीचं वजन ५८० मिलिग्रॅम होतं. नियमाप्रमाणे साडेसहा ग्रॅमच्या जवळ जाणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, म्हणून अकरा घेतल्या. आधी ६.३८० ग्रॅम, नंतर ६.३४२. गेलेले ०.०३८ ग्रॅम, म्हणजे ०.६ टक्का. एकही गोळी तडकली नव्हती. तडकली असती तर वजनाची घट कितीही कमी असो, चाचणी नापासच.

आता फुटण्याची परीक्षा, कंपनीतल्या आणि कॉलेजातल्या बोलीत ‘डीटी’. एका चौकटीत सहा काचनळ्या उभ्या असतात. त्यांच्या तळाला सुमारे दोन मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी. प्रत्येक नळीत एक गोळी. ही चौकट ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटाला साधारण तीस वेळा वर-खाली होते. गोळी पाणी पिते, फुगते, कडा सुटू लागतात, आणि मग तिचे कण जाळीतून खाली झरू लागतात. पाणी हळूहळू दुधाळ होतं. साध्या, बिनवेष्टणाच्या गोळीला १५ मिनिटं दिलेली असतात. फिल्मचं वेष्टण असलेल्या गोळीला ३०. पाण्यात विरघळवून घ्यायच्या डिस्पर्सिबल गोळीला फक्त ३.

फुटली असं कधी म्हणायचं, याची व्याख्या नीट वाचावी. जाळीवर काहीच उरू नये, अशी अट नाही. मऊ लगदा उरला तरी चालतो, पण त्याच्या आत बोटाला लागेल असा टणक गाभा उरता कामा नये. मी विद्यार्थ्यांना काचेची कांडी घेऊन तो लगदा हलकेच दाबून पाहायला सांगतो. नुसतं लांबून बघून वेळ लिहिणारा मुलगा एखाद दिवशी हमखास चुकतो. सहांपैकी एक-दोन गोळ्या वेळेत फुटल्या नाहीत तर लगेच नापास करायचं नसतं. आणखी बारा घ्यायच्या, आणि एकूण अठरांपैकी किमान सोळा फुटायला हव्यात.

या चाचणीत आपण औषध मोजतच नाही. मोजतो ते दोन मिलिमीटरच्या भोकातून पडणारे तुकडे. त्या तुकड्यातलं पॅरासिटामॉल पाण्यात गेलं की तुकड्यातच अडकून बीकरच्या तळाशी बसलं, हे डीटीला कळत नाही आणि कळणारही नाही. खडीसाखरेचा मोठा खडा बत्त्याने फोडला की त्याचे दहा तुकडे होतात. पण ते तुकडे पाण्यात टाकून ढवळल्याशिवाय पाणी गोड होत नाही. रक्तात पोचतं ते विरघळलेलं औषध. फुटणं ही त्याच्या वाटेवरची पहिली पायरी.

औषधशास्त्राला हे उमगायला वेळ लागला. गोळी फुटण्याची परीक्षा अमेरिकेच्या औषधकोशात १९५० साली आली, आणि वीसेक वर्षं तीच पुरेशी मानली गेली. १९७० साली त्या देशात डिझोल्यूशनची अधिकृत चाचणी पहिल्यांदा आली, तीही फक्त बारा औषधांपुरती. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, जॉन लिंडनबाऊम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारावरच्या डायगॉक्सिनच्या गोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या उत्पादकांच्या, पण मात्रा सारखीच असलेल्या गोळ्या त्यांनी स्वयंसेवकांना दिल्या आणि रक्तातली पातळी मोजली. फरक निघाला सातपटीपर्यंत. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही तफावत होती. डायगॉक्सिनमध्ये उपकार आणि अपाय यांच्यामधली फट फार अरुंद असते. कमी पोचलं तर हृदयाला उपयोग नाही, जास्त पोचलं तर जीवावर बेतू शकतं. गोळीवर छापलेले मिलिग्रॅम आणि शरीराला मिळणारे मिलिग्रॅम हे दोन वेगळे आकडे असू शकतात, हे त्या अभ्यासानंतर कुणाला नाकारता आलं नाही.

डिझोल्यूशनचं उपकरण म्हणजे पाण्याच्या कुंडात बुडवलेली, गोल बुडाची, एक लिटरची सहा काचपात्रं. प्रत्येकात वरून एक दांडा उतरतो. त्याच्या टोकाला पाखासारखं पॅडल असतं किंवा जाळीची छोटी डबी, तिला बास्केट म्हणतात. अमेरिकन औषधकोशात बास्केट हे पहिलं उपकरण आणि पॅडल हे दुसरं. भारतीय औषधकोशाच्या अनेक आवृत्त्यांत हे क्रमांक नेमके उलटे आहेत. म्हणून पत्रकावर नुसता ‘उपकरण १’ वाचून दांडा बसवू नका. कुठल्या ग्रंथाची पद्धत आहे ते आधी पाहा.

पॅरासिटामॉलसाठी आम्ही अमेरिकन पद्धत वापरत होतो. पीएच ५.८ चं फॉस्फेट बफर ९०० मिलिलिटर, तापमान ३७ अंश आणि त्यात फार तर अर्ध्या अंशाचा फरक, पॅडल मिनिटाला ५० फेऱ्या, वेळ ३० मिनिटं. पॅडलचं खालचं टोक पात्राच्या बुडापासून २५ मिलिमीटरवर. गोळी टाकली की ती तळाच्या मधोमध बसते आणि वरचा प्रवाह तिचे कण हळूहळू उचलत राहतो. तिसाव्या मिनिटाला पिचकारीने थोडा द्राव काढायचा आणि लगेच गाळायचा. इथे ‘लगेच’ला अर्थ आहे. न गाळता नमुना टेबलावर ठेवला, तर त्यातले न विरघळलेले कण तिथेच विरघळत बसतात आणि गोळीला फुकटचे गुण मिळतात.

त्या दिवशीचं पहिल्या पात्राचं गणित असं होतं. गाळलेल्या द्रावातला १ मिलिलिटर घेऊन ५० पर्यंत पातळ केला. २४३ नॅनोमीटरवर त्याचं शोषण आलं ०.४९१. शेजारी शुद्ध पॅरासिटामॉलचा प्रमाणद्राव होता, मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम. त्याचं शोषण ०.६५०. म्हणजे आमच्या पातळ द्रावात मिलिलिटरमागे ७.५५ मायक्रोग्रॅम. पन्नासपट पातळ केलं होतं, म्हणून मूळ द्रावात सुमारे ३७८. पात्रात ९०० मिलिलिटर, म्हणून एकूण विरघळलेलं औषध ३४० मिलिग्रॅम. ५०० पैकी ३४०, म्हणजे ६८ टक्के. बाकीची पाच पात्रं ७१, ६६, ७४, ७० आणि ६५ वर होती.

या चाचणीत एक आकडा ठरलेला असतो, त्याला ‘क्यू’ म्हणतात. पॅरासिटामॉलसाठी तो ८० टक्के. पहिल्या फेरीत सहाही गोळ्यांनी क्यूपेक्षा पाच जास्त, म्हणजे प्रत्येकी किमान ८५ गाठायचे असतात. एखादी ८३ वर अडली तर बॅच लगेच बाद होत नाही. आणखी सहा घेतात. मग बारांची सरासरी ८० किंवा वर हवी आणि एकही ६५ च्या खाली नको. तरी नाही जमलं तर आणखी बारा घेऊन चोवीसांचा हिशेब करतात. तिथे सरासरी ८० हवीच. ६५ च्या खाली फार तर दोन चालतात, पण ५५ च्या खाली एकही नाही. काही मुलांना ही सवलत वाटते. मला वाटतं यात शहाणपण आहे: एका गोळीच्या लहरीवर लाखो गोळ्यांचं भवितव्य ठरू नये, आणि सरासरीच्या आड एखादी अगदी निकामी गोळीही लपू नये. आमच्या बाबतीत ६९ च्या सरासरीवरून वर येणं जवळजवळ अशक्यच होतं. तरी नियमाप्रमाणे चोवीस गोळ्या केल्या. सरासरी ७०.

निकाल वाईट आला की पहिला संशय प्रयोगशाळेवर घ्यायचा असतो, आणि ते योग्यच आहे. डिझोल्यूशनइतकी लहानसहान गोष्टींनी बिघडणारी चाचणी क्वचितच असेल. बफरमधली विरघळलेली हवा काढली नसेल तर ३७ अंशांवर बुडबुडे सुटतात, गोळीला चिकटतात आणि तिला पाण्यापासून दूर ठेवतात. कधी ते कणांना तरंगवतातही. पॅडल जरा वर राहिलं किंवा दांडा मध्यापासून सरकला, तर प्रवाह बदलतो. टेबलावर कंपन असेल तर उलट जास्त विरघळतं. नमुना पाण्याच्या पृष्ठभागापासून आणि पॅडलच्या वरच्या कडेपासून सारख्या अंतरावर, पात्राच्या भिंतीपासून किमान एक सेंटीमीटर आत घ्यायचा असतो. कुणी तळातून ओढला तर आकडा फसवतो. ५० फेऱ्यांना पॅडलच्या बरोबर खाली कणांचा एक छोटा ढिगारा साचतो, अगदी धान्याच्या राशीसारखा. त्याच्या आतल्या कणांना ताजं पाणी मिळत नाही. आम्ही हे सगळं तपासलं. ढिगारा होता, पण इतर बॅचना असतो तेवढाच. प्रमाणद्राव नव्याने केला. यंत्र निर्दोष होतं.

मग गोळीच कमी औषधाची आहे का, हे पाहिलं. गोळ्या कुटून पूर्ण विरघळवून केलेल्या परीक्षेत औषध ९९ टक्के भरलं. त्यानंतर एक जास्तीचं काम केलं, आणि तेच निर्णायक ठरलं. एका वेळेऐवजी चार वेळा नमुने काढले. पंधरा मिनिटांना ४५ टक्के, तिसाव्याला ७०, पंचेचाळिसाव्याला ८४, तासाला ९५. औषध सगळं होतं. ते बाहेर यायला आळस करत होतं. अशा वेळी एकाच वेळेचा आकडा फक्त ‘नापास’ म्हणतो. चार वेळांची रेषा मात्र नापास का, याची दिशा दाखवते. औषधच कमी असतं तर ही रेषा लवकर सपाट होऊन ७०-७५ वर थांबली असती. आमची रेषा शेवटपर्यंत चढत होती.

आम्ही बॅच रेकॉर्ड उघडलं. गोळी घडते ती अशी: औषध, फुगून गोळी फोडणारा पदार्थ आणि बांधणारी चिकी एकत्र करून ओले दाणे करतात, ते वाळवतात, चाळतात, आणि अगदी शेवटी त्यात वंगण मिसळतात. वंगण म्हणजे मॅग्नेशियम स्टिअरेट, साबणासारखी गुळगुळीत पांढरी पूड. दाणे साच्याला चिकटू नयेत म्हणून ती लागतेच. आमच्या सूत्रात ती होती १ टक्का, आणि मिसळायचा वेळ ३ मिनिटं. रेकॉर्डवर ब्लेंडर सुरू केल्याची वेळ होती, बंद केल्याची नव्हती. विचारपूस केली तेव्हा कळलं, जेवणाची वेळ आणि शिफ्ट बदल एकाच वेळी आले होते आणि ब्लेंडर पंचवीसेक मिनिटं फिरत राहिला होता.

मॅग्नेशियम स्टिअरेटला पाण्याचं वावडं. तीन मिनिटांत ते दाण्यांवर इथेतिथे चिकटतं, तेवढं पुरतं. पंचवीस मिनिटांत त्याचे पापुद्रे सुटत जातात आणि प्रत्येक दाण्यावर पातळ तेलकट थर चढतो. खात्री करायला मी उरलेल्या दाण्यांची चिमूट, गोळी न केलेली, बीकरमधल्या पाण्यावर टाकली. चांगल्या दाण्यांची चिमूट बुडून विखुरते. हे दाणे पाण्यावर तरंगत राहिले, तांदळातला कोंडा पाण्यावर राहावा तसे. बीकर हलवला तरी ओले होईनात. तो बीकर मी अजून विसरलेलो नाही.

मग हार्डनेस बरोबर कशी आली, हा प्रश्न उरतो, कारण जास्त वंगण मिसळलं की दाण्यांची एकमेकांशी पकड सुटते आणि गोळी मऊ होते. उत्तर मशीनच्या कागदावर होतं. पहिल्या तासात हार्डनेस तीन किलोच्या आसपास येत होती. चालवणाऱ्याने त्याच्या जागी जे कुणीही केलं असतं तेच केलं. दाब वाढवला, हार्डनेस साडेपाचवर आणली आणि ‘मर्यादेत’ असं लिहिलं. म्हणजे त्या साडेपाचाच्या आत दोन चुका दडलेल्या होत्या. एका चुकीने कडकपणा घटवला, दुसरीने तो वाढवून भरून काढला, आणि दोघींनीही विरघळण्याचा वेग कमी केला. दाब वाढला की दाण्यांमधल्या सूक्ष्म फटी मिटतात आणि पाण्याला आत शिरायची वाट उरत नाही.

दोघींपैकी मोठी गुन्हेगार कोण, हेही पाहिलं. छोट्या ब्लेंडरमध्ये तीन चाचण्या केल्या. तीन मिनिटं वंगण, नेहमीचा दाब: हार्डनेस सहा, डिझोल्यूशन ९६ टक्के. पंचवीस मिनिटं वंगण, तोच दाब: हार्डनेस साडेतीन, डिझोल्यूशन ७४. पंचवीस मिनिटं आणि वाढवलेला दाब: हार्डनेस साडेपाच, डिझोल्यूशन ६९. म्हणजे घसरण झाली ती मुख्यतः वंगणामुळे. साडेतीन किलोची मऊ गोळी सहा किलोच्या कडक गोळीपेक्षा हळू विरघळली. ‘गोळी जितकी कडक तितकी हळू विरघळते’ हे वाक्य व्हायवात सर्रास ऐकू येतं. सूत्र आणि मिसळण्याची पद्धत तीच असेल तेव्हाच ते खरं.

डीटी ९ मिनिटं होती, तेही आता उलगडलं. गोळी फोडणारा पदार्थ दाण्यांच्या आतही होता. पाणी उशिरा शिरलं तरी शिरलं, त्याने गोळीचे दाणे सुटे केले आणि दाणे जाळीतून पडले. पण पडलेला दाणा तेलकट पांघरूण घेऊनच पडला होता. आमच्या जुन्या बॅचची डीटी चार मिनिटांच्या आसपास असायची. १५ च्या मर्यादेत ९ हे ‘पास’ होतं, पण आमच्याच नेहमीच्या चारपेक्षा दुपटीहून जास्त होतं. मर्यादेच्या आत असलेला आकडा मागच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिला असता, तर मला दुपारीच शंका यायला हवी होती.

या चाचण्यांची एक बाजू कारखान्याबाहेरही आहे. गोळी पास होऊन बाहेर पडली की ती बदलायची थांबत नाही. अपस्मारावरच्या कार्बामाझेपिनच्या गोळ्या दमट हवेत ठेवल्या तर पाणी शोषून टणक होतात, औषधाचे स्फटिकही बदलतात, आणि त्यांचा सुमारे एक तृतीयांश परिणाम गमावला जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी १९९० साली दिला होता. झटके रोखणाऱ्या औषधाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात पट्टीतून काढून डबीत भरलेल्या गोळ्या, किंवा न्हाणीघरातल्या कपाटात ठेवलेलं औषध, हे डोळ्यासमोर आणा. उद्या तुम्ही औषधाच्या दुकानात उभे राहाल तेव्हा रुग्णाला ‘पट्टीतून लागेल तेवढीच गोळी काढा, ओल्या जागी ठेवू नका’ हे जरूर सांगा.

काचपात्र म्हणजे पोट नव्हे, हेही ध्यानात असू द्या. पात्रात जेवण नसतं, पित्त नसतं, आतड्यांची हालचाल नसते. पात्रात ९० टक्के विरघळलं म्हणून रुग्णाच्या रक्तात ९० टक्के पोचेल, असं ही चाचणी म्हणत नाही. ती एवढंच सांगते की ज्या बॅचने रुग्णांना गुण दिला, तिच्यासारखीच ही बॅच वागते की नाही. आमची ती बॅच तशी वागत नव्हती, म्हणून ती बाजारात गेली नाही. सगळी नष्ट केली.

त्या ब्लेंडरला नंतर टायमर बसवला. तीन मिनिटं झाली की तो आपोआप थांबतो, आणि बंद झाल्याची वेळ रेकॉर्डवर लिहिल्याशिवाय दाणे पुढे जात नाहीत.